एकोणीस प्रकरणं आणि एक पिशवी

*बडोद्यातल्या एका बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. शेवटची आठ वर्षं मयत खातेदारांचे क्लेम माझ्याच टेबलावर यायचे. नवरा गेल्यावर बायका कापडी पिशवीत सगळे कागद कोंबून आणायच्या आणि म्हणायच्या, “यातलं काय लागतं ते तुम्हीच काढा.” त्यांच्यासाठी मराठीत पुस्तक लिहायला घेतलंय. एकोणीस प्रकरणांचा आराखडा सोबत पाठवतेय. काही म्हणता काही सुटलेलं नाही. पण भाचीला दाखवला तर म्हणाली, “मावशी, हे बँकेच्या माहितीपत्रकासारखं वाटतं.” क्रम बदलू, मधेमधे गोष्टी घालू, की प्रकरणं कमी करू?*
*— एक निवृत्त वाचक, बडोदा*

ताई,

आराखडा दोनदा वाचला. पहिलं प्रकरण ‘बँकिंगचा इतिहास’, दुसरं ‘खात्यांचे प्रकार’, मग ठेवी, लॉकर, विमा, पेन्शन, म्युच्युअल फंड, शेअर्स, घर-जमीन आणि सगळ्यात शेवटी ‘मृत्युपत्र’. ‘मृत्यूचा दाखला’ बाराव्या क्रमांकावर आहे. तिथे मी थांबले. जो कागद नसेल तर बाकीचा एकही अर्ज पुढे सरकत नाही, तो बाराव्या प्रकरणात कसा गेला? मग लक्षात आलं. हा क्रम तुमच्या शाखेचा आहे. दारातून आत शिरल्यावर जशी काउंटरं लागतात तशी प्रकरणं लागलीत, आणि दाखला बँक देत नाही, महापालिका देते, म्हणून तो मागे पडला. ज्यानं त्या खोलीत एकतीस वर्षं काढली त्याला विषय असेच दिसणार, यात तुमची चूक नाही. पण पिशवी घेऊन आलेल्या बाईनं काउंटरं पाहिलेलीच नसतात.

तुम्ही विचारलेल्या तिन्ही उपायांत एक गोष्ट धरून चाललीय की प्रकरणं मुळात बरोबर आहेत, फक्त मांडणी हलवायची. मला तसं वाटत नाही. तुमच्या आराखड्यात विषय आहे, वाचकाला दिलेला शब्द नाही. ‘हे पुस्तक नवऱ्याच्या पश्चात पैशांच्या व्यवहारांबद्दल आहे’ हा विषय झाला. शब्द द्यायचा तर वाक्यात माणूस यावा लागतो: कोण, आज कुठे आहे, आणि पुस्तक मिटल्यावर तिला काय करता येणार आहे.

दिलेला शब्द खरा आहे का, याची माझी कसोटी सोपी आहे. तो मोडता आला पाहिजे. ‘तुम्हाला सर्व माहिती मिळेल’ हा मोडताच येत नाही, त्यामुळे त्याच्यावर कुठलंही प्रकरण तोलता येत नाही. काहीही आत येऊ शकतं, काहीच बाहेर पडत नाही. उलट ‘दोन महिन्यांत सगळे पैसे तुमच्या खात्यात’ हा शब्द मोडेल, पण तो पाळणं तुमच्या हातात नाही. मधे बँक आहे, दीर आहेत, परदेशातला मुलगा आहे. हवा तो शब्द या दोहोंच्या मधला. मी तुमच्यासाठी असा लिहून पाहिला: *नवरा अचानक गेलाय आणि ज्या बाईनं आजवर पैशांचा व्यवहार पाहिला नाही, तिच्याकडे हे पुस्तक संपेल तेव्हा एक वही तयार असेल. त्या वहीत घरातल्या प्रत्येक पैशापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असतील: तो कुणाकुणाच्या नावे आहे, मागायला कुठले कागद लागतात, आणि अर्ज कुठवर आला.*

पैसे मिळतील असं मी म्हटलेलं नाही. वही होईल एवढंच म्हटलंय, आणि तेवढं तुम्ही पाळू शकता. तुमच्याच पत्रातली पिशवी सुरुवातीला येते, वही शेवटाला. शब्द तुम्ही तुमच्या भाषेत लिहा, मात्र एका वाक्यात किंवा फार तर दोन. तिसरं वाक्य लागत असेल तर बहुतेक दोन पुस्तकं एकात शिरलीत.

तुमच्या बाबतीत ती शिरलीच आहेत. एकोणिसावं प्रकरण मृत्युपत्राचं आहे, आणि ते तुम्ही ‘पती-पत्नींनी एकत्र बसून करावं’ असं लिहिलंय. ज्या बाईचा नवरा अकरा दिवसांपूर्वी गेला तिनं हे वाचायचं? तुमच्या आराखड्यात दोन वाचक आहेत. एक ही बाई, दुसरं म्हणजे साठीतलं एक धडधाकट जोडपं, जे वेळीच सगळं नीट करून ठेवू पाहतंय. दोघांना लागणारी माहिती जवळजवळ तीच आहे, म्हणून ती एका पुस्तकात मावेल असं वाटतं. पण क्रम उलटा होतो. जोडप्याचं पुस्तक खात्यांच्या यादीनं आणि नॉमिनीनं सुरू होईल, कारण त्यांच्याकडे वेळ आहे. बाईचं पुस्तक दाखल्यानं सुरू होईल, कारण तिच्याकडे नाही. एकाला शब्द दिला की दुसऱ्याचा मोडतो. मी बाईचं पुस्तक निवडीन, कारण आठ वर्षं तुमच्या समोर ती बसली होती, जोडपं नव्हे. जोडप्यांचं बाजारात आधीच बरंच आहे. तुम्हाला जोडप्यांचंच लिहायचं असेल तर तेही चालेल, पण मग पिशवी विसरा.

वाचक ठरला की आराखडा शेवटून मागे यायचा. वही पूर्ण झाली त्या क्षणी बाई कुठे आहे? त्याच्या आदल्या पायरीवर तिच्या हातात काय असायला हवं? त्याच्या आदल्या? जाड कागदाचे पत्ते घ्या, पोस्टकार्डाएवढे. प्रत्येकावर दोनच ओळी: वर ‘येताना’, खाली ‘जाताना’. म्हणजे या प्रकरणात शिरताना वाचकापाशी काय असतं आणि बाहेर पडताना काय. खालच्या ओळीत ‘समजेल’, ‘कळेल’, ‘जाण येईल’ लिहायची बंदी. तिथे हाताला लागणारी गोष्ट हवी. आणि एका पत्त्याची खालची ओळ हीच पुढच्या पत्त्याची वरची ओळ झाली पाहिजे. होत नसेल तर मधे एक पायरी गाळलीय, किंवा ते प्रकरण इथलं नाही.

मी तुमच्या सामानातून करून पाहिलं. पहिला पत्ता पहिल्या पंधरा दिवसांचा. येताना तिच्यापाशी पिशवी आहे, आणि चार नातेवाईकांचे पाच सल्ले. जाताना तिला दोन गोष्टी पक्क्या करता येतात: वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, आणि नवऱ्याच्या एटीएम कार्डानं पैसे काढायचे नाहीत, पिन ठाऊक असला तरी. हे दुसरं तुम्ही लॉकरच्या प्रकरणात एका तळटीपेत टाकलंय! घरोघरी पहिल्या आठवड्यात हीच चूक होते हे तुम्हीच लिहिता, आणि ती तळटीप वाचेपर्यंत चूक करून झालेली असेल.

दुसरा पत्ता दाखल्याचा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, त्यामुळे हे प्रकरण इथून हलूच शकत नाही. जाताना तिच्या हातात दाखल्याच्या पुरेशा प्रती आहेत, आणि घर चालावं म्हणून कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज गेलाय. पेन्शनचं तुमचं सहावं प्रकरण असं फुटलं. त्याचा निकडीचा भाग इथे आला.

तिसरा पत्ता माझ्या मते पुस्तकाचा कणा आहे. पिशवी जमिनीवर उलटी करायची. तुम्ही कागद कसे लावलेत? ठेवी एकीकडे, विमा एकीकडे, शेअर्स एकीकडे. पण तिनं पुढे काय करायचं हे त्यावरून ठरत नाही. ते ठरतं नवऱ्याच्या नावाशेजारी कुणाचं नाव आहे यावरून. म्हणून तीन ढीग: जिथे तिचं जोडनाव आहे आणि मागे राहील त्याला खातं चालवता येईल अशी सोय आहे, जिथे जोडनाव नाही पण नॉमिनी आहे, आणि जिथे दोन्ही नाही. जाताना तीन ढीग झालेत आणि वहीत प्रत्येक कागदाची एक ओळ लिहून झालीय. तुमच्या एकोणिसांपैकी सात प्रकरणं या तीन ढिगांत विरघळली. म्युच्युअल फंडाचं स्वतंत्र प्रकरण उरत नाही. ज्या ढिगात तो कागद जाईल तिथे त्याला दोन परिच्छेद मिळतील.

चौथ्यात पहिले दोन ढीग, पाचव्यात तिसरा. इथे अदलाबदलीची कसोटी लावून दाखवते, कारण ती सगळ्यांना उपयोगी आहे. शेजारशेजारचे दोन पत्ते उलटे ठेवायचे आणि बघायचं, काही मोडतं का. चौथा आणि पाचवा उलटे ठेवले तर मोडतं. नॉमिनीला बँक पैसे देते, पण म्हणून तो पैसा नॉमिनीच्या मालकीचा होत नाही. वारसांचा हक्क राहतो, नॉमिनी तो त्यांच्यासाठी सांभाळणारा. ही गोष्ट चौथ्यात सोप्या अर्जाच्या निमित्तानं कळली की पाचव्यात, जिथे नॉमिनीच नाही, सगळ्या वारसांच्या सह्या, हमीपत्र आणि मोठ्या रकमेला वारसा प्रमाणपत्र का मागतात याचा तिला राग येत नाही. पाचवं आधी आलं तर तिला वाटतं, बँक अडवणूक करतेय. तुमच्या जुन्या आराखड्यात मात्र ‘विमा’ आणि ‘शेअर्स’ उलटे ठेवले तर कुणाला पत्ताही लागणार नाही. भाचीला जे माहितीपत्रक वाटलं ते इथे आहे. ज्या प्रकरणांची अदलाबदल बिनबोभाट होते ती एकमेकांवर उभी नसतात, नुसती शेजारी बसलेली असतात.

सहावा पत्ता घर-जमिनीचा, आणि इथे तुम्हाला आणखी एक निवड करावी लागेल. पेढीनामा म्हणजे घराण्याची वंशावळ, तलाठी, वारसाई हे सगळं तुम्ही गुजरातच्या रीतीनं लिहिलंय, आणि छान लिहिलंय. पण पुस्तक मराठीत आहे. पुण्याची बाई ते वाचेल तेव्हा तिला ‘पेढीनामा’ हा शब्दच नवा असेल. शब्द फक्त गुजरातेतल्या मराठी बायकांना द्यायचा, की सगळ्यांना? मी पहिल्या बाजूची आहे. बडोद्यात, सुरतेत, अहमदाबादेत मराठी वाचणाऱ्या पण गुजराती अर्जापुढे बिचकणाऱ्या बायकांसाठी दुसरं कोण लिहिणार? सगळ्यांसाठी करायचंच असेल तर राज्यागणिक बदलणारा मजकूर या एका प्रकरणात कोंडून ठेवा, तो बाकी पुस्तकात सांडू देऊ नका.

सातवा पत्ता अडलेल्या अर्जांचा. कागद पूर्ण मिळाल्यापासून बँकेनं दावा १५ दिवसांत निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे तुम्हाला सांगायला नको. पण प्रकरणात महत्त्वाचा आकडा पंधरा नाही, ‘कागद पूर्ण मिळाल्यापासून’ हे शब्द महत्त्वाचे. म्हणून जाताना तिच्या वहीत प्रत्येक अर्जापुढे पोच मिळाल्याची तारीख असली पाहिजे. दिलेल्या शब्दातली तिसरी गोष्ट, अर्ज कुठवर आला, ती इथे फेडली जाते. आठव्यात तिच्या स्वतःच्या नावावर आलेल्या पैशांना ती नॉमिनी लावते आणि स्वतःचं मृत्युपत्र करते. तुमचं एकोणिसावं प्रकरण वाया गेलं नाही, फक्त आता ते जोडप्याचं न राहता तिचं झालं.

एकोणिसाची आठ झाली. आकड्याला महत्त्व नाही, दहाही होतील. पण लांबी सारखी ठेवू नका. तुम्ही प्रत्येक प्रकरणापुढे ‘१० पानं’ लिहिलंय. सगळ्यांना सारखी पानं वाटली म्हणजे वाचक कुठे अडतो याचा विचार झालेला नाही असं मी धरते. दाखल्याला सहा पानं पुष्कळ झाली. नॉमिनी नसलेल्या ढिगाला तीस-पस्तीस लागतील, कारण तुमच्याकडे आलेल्या खऱ्या अडचणी तिथेच होत्या. आधी वारलेला मुलगा, बोलेनासा दीर, लग्नाआधीच्या नावावरची ठेव.

माझीही एकदा फजिती झालीय. गच्चीवरच्या बागेवर मी एक छोटं पुस्तक केलं होतं. दुसऱ्या प्रकरणात रोपं लावली आणि पाचव्यात माती कशी तयार करायची ते सांगितलं, कारण मातीचं प्रकरण मला रुक्ष वाटत होतं आणि सुरुवातीला नको होतं. एका वाचक बाईंनी फोन करून विचारलं, “आता लावलेलं उपटून माती बदलू का?” पत्ते केले असते तर दुसऱ्याच्या वरच्या ओळीत ‘माती तयार आहे’ लिहावंच लागलं असतं आणि तिथल्या तिथे चूक सापडली असती.

गोष्टींचं म्हणाल तर घाला, पण वरून कोथिंबीर भुरभुरवल्यासारख्या नकोत. गोष्ट सांध्यावर हवी. एका प्रकरणातून दुसऱ्यात जाताना वाचकाच्या मनात जो प्रश्न उभा राहायला हवा, तो उभा करण्यासाठी. चौथ्याच्या शेवटी अशी एक बाई येऊ दे, जिच्या हातात नवऱ्याची जुनी ठेवपावती आहे आणि नॉमिनीची जागा कोरी आहे. तिचं पुढे काय झालं ते तिथे सांगू नका. पाचव्याला वेगळी प्रस्तावना लागणार नाही. नावं आणि खुणा अर्थातच बदला.

एक सावधगिरी तुमच्या विषयापुरती. बदलणारे नियम कण्यात गुंफू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. तुमच्या आराखड्यात अजून ‘एकच नॉमिनी’ आहे, म्हणजे ती टिपणं जुनी आहेत. असे आकडे, मर्यादा, अर्जांचे नमुने मागे परिशिष्टात, वर तारीख घालून ठेवा. पुढच्या आवृत्तीत चार पानं बदलतील, प्रकरणं नाही. ढीग करायची रीत नियम बदलला तरी टिकते.

हे उत्तर वाचणाऱ्यांत आत्मचरित्र किंवा गावाचा इतिहास लिहिणारेही असतील. त्यांच्या वाचकाला शेवटी काही ‘करता’ येणार नसतं, म्हणून त्यांना शब्द लागत नाही असा समज आहे. लागतो, तिथे तो प्रश्नाच्या रूपात असतो. समजा कुणी सयाजीरावांच्या बडोद्यावर लिहितंय. १८९०चा राजवाडा, १८९३चा अमरेलीतला सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६मध्ये तो सगळ्या राज्यात, १९१०मध्ये ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून आणलेले ग्रंथपाल बोर्डन, असं वर्षांमागून वर्षं मांडलं तर ती जंत्री होते. पण प्रश्न ‘या संस्थानातल्या खेड्यात पुस्तक कसं पोचलं?’ असा धरला, तर १९०६ हे १९१०च्या आधी यावंच लागतं, कारण वाचता येणारं कुणी नसेल तर फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या उघडणार कोण? आणि राजवाड्याचं प्रकरण, कितीही जीव अडकलेला असला तरी, गळून पडतं. तिथेही पत्त्यावर ‘येताना’ आणि ‘जाताना’ लिहायचंच, फक्त वस्तूऐवजी वाचकाला कुठला प्रश्न पडलेला आहे ते लिहायचं.

लिहायला बसण्याआधी एक दुपार काढा. शेजारच्या किंवा नात्यातल्या अशा एका बाईला बोलवा जिला बँकेतलं काही कळत नाही. जिचं दुःख ताजं आहे तिला मात्र नको. तिला फक्त पत्त्यांच्या खालच्या ओळी क्रमानं वाचून दाखवा, दहा मिनिटं लागतील. ती “हो का” म्हणाली तर त्या पत्त्यावर खूण करा, ते प्रकरण फक्त तुम्हाला प्रिय आहे. ती “मग पुढे?” म्हणाली तर पत्ता जागेवर आहे. आणि ती मधेच “पण त्याआधी...” म्हणाली, तर ते वाक्य पुरं लिहून घ्या. गाळलेली पायरी तीच. भाचीला परत विचारू नका, ती तुमच्या बाजूनं विचार करायला लागली असेल.

राहिला ‘बँकिंगचा इतिहास’. २० जुलै १९०८ला इथे, आपल्या बडोद्यात, बँक ऑफ बडोदा सुरू झाली, त्यावरची तुमची पाच पानं मला फार आवडली. पण त्यांच्यासाठी मी पत्ता करून पाहिला तेव्हा ‘जाताना’ची ओळ कोरीच राहिली. ती पानं एखाद्या दिवाळी अंकाला पाठवा. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा उशीर नको.